खोडलेला माणूस वेबसाइटकडे राहतो का?

प्रश्न: वकीलसाहेब, नणंदेचा घटस्फोट झालाय. भाचीच्या वाढदिवसाच्या 11 फोटोंमधून तिच्या आधीच्या नवऱ्याला काढायला मी ते एका फुकटच्या वेबसाइटवर टाकले. हे कळल्यावर त्यानं मेसेज केला, "माझा आणि पोरीचा फोटो परदेशी साइटवर टाकलास, आता तुला जेलमध्येच बसवतो." नणंदही रागावलीय. मी गुन्हा केलाय का? आणि ते फोटो परत कसे मिळवायचे? (जुळे सोलापूर)

ताई, जेलची धास्ती आधी मनातून काढून टाका. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 याच्या कलम 3 मध्ये, एखाद्या माणसानं निव्वळ खाजगी वा घरगुती कारणासाठी हाताळलेला डेटा कायद्याच्या बाहेर ठेवलाय. घरच्या अल्बमसाठी केलेला खटाटोप त्यातच मोडतो. शिवाय या कायद्यात कैद नाही, दंड आहे, आणि तोही मुख्यतः डेटा हाताळणाऱ्या संस्थेला. त्या मेसेजला उत्तर देऊ नका, पण तो पुसूही नका.

नणंदेचा राग मात्र रास्त आहे. तुम्हाला वाटलं, माणूस खोडला म्हणजे तो गेला. पण अशा बहुतेक साइटवर खोडायचं काम तुमच्या फोनमध्ये होत नाही, त्यांच्या सर्व्हरवर होतं. त्यासाठी आधी मूळ फोटो अख्खाच्या अख्खा तिकडे जातो, आणि तुम्ही बोटानं रंगवलेला भागही सोबत जातो. म्हणजे घरात जो चेहरा नको होता, तोच त्यांच्याकडे खूण करून पोचला. भाचीचा चेहरा आणि मागच्या दारावरची नावाची पाटी हेही गेलं. फोटो काढताना लोकेशन चालू असेल, तर फोटोच्या फाइलमध्ये ती जागा अक्षांश-रेखांशासह नोंदलेली असते. गॅलरीत मूळ फोटोचा तपशील उघडा, नकाशा दिसतो का पाहा.

आता एक चाचणी करा. खोडून झालेल्या फोटोची लिंक ब्राउझरच्या हिस्टरीत सापडली, तर ती दुसऱ्याच्या फोनवर, लॉगिन न करता उघडा. फोटो दिसला तर लिंक हाती लागेल त्या कोणालाही तो दिसतो, हे धरून चला. तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. मग साइटच्या तळाशी असलेल्या अटी आणि गोपनीयता धोरण जतन करा. त्यात दोनच गोष्टी शोधा: फोटो किती वेळ ठेवतात, आणि ते स्वतःची प्रणाली शिकवायला वापरतात का. "24 तासांत डिलीट करतो" असं लिहिलेलं असलं आणि तिसऱ्या दिवशी लिंक उघडली, तर तो स्क्रीनशॉटच तुमचा पुरावा.

त्यानंतर धोरणात दिलेल्या पत्त्यावर ईमेल पाठवा. अपलोडची तारीख, वापरलेला ईमेल आणि लिंका द्या. मूळ, खोडलेली आणि बॅकअपमधली अशा सगळ्या प्रती पुसा, प्रशिक्षणासाठी वापरू नका आणि पुसल्याचं लेखी कळवा, अशी मागणी करा. त्यात लहान मुलीचा चेहरा आहे हे ठळक लिहा, आणि तिच्या आईच्या, म्हणजे नणंदेच्या नावानंही स्वतंत्र ईमेल जाऊ द्या. कंपनी युरोपीय संघातली असेल तर जीडीपीआर या तिथल्या डेटा संरक्षण कायद्याचं कलम 17, म्हणजे डेटा पुसून घ्यायचा हक्क, नमूद करा. त्या कंपनीला तो कायदा भारतातल्या माणसाच्या डेटाबाबतही लागू असतो, आणि साधारणपणे महिन्याभरात उत्तर द्यावं लागतं.

आपल्या कायद्याची मर्यादाही सांगतो. भारतातल्या लोकांना सेवा देणारी परदेशी साइट त्याच्या कक्षेत येते, 18 वर्षांखालच्या मुलांच्या डेटासाठी पालकांची पडताळलेली संमतीही लागते. पण नियम आले नोव्हेंबर 2025 मध्ये, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांना त्यांत 18 महिन्यांची मुदत आहे. म्हणून आज नुसत्या कलमाच्या धाकानं साइट हलेल असं मी तुम्हाला सांगणार नाही. पत्ताही न देणारी साइट असेल, तर फोटो परत आणणं जवळजवळ अशक्य आहे. उद्या भाचीचा फोटो विकृत करून कुठे फिरताना दिसला तर मात्र थांबू नका. cybercrime.gov.in वर किंवा सोलापूर शहर सायबर पोलिसांकडे त्याच दिवशी तक्रार द्या.

पुढे असं काही खोडायचं झालं, तर आधी फोन विमान मोडवर टाका आणि वाय-फायही बंद आहे ना ते पाहा. तरीही खोडणारं ॲप चाललं, तर त्या वेळी काम फोनमध्येच होतंय.

आणि नणंदेला आजच सांगा, भाचीच्या ताब्याचा दावा चालू असेल तर हे खोडलेले फोटो कौटुंबिक न्यायालयात देऊ नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 च्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश किंमत, म्हणजे तिचा डिजिटल ठसा, लिहावी लागते, आणि एक पिक्सेल बदलला तरी ती बदलते. वाढदिवसाला बाप हजर होता हे समोरच्यानं मूळ फोटो दाखवून सिद्ध केलं, तर तिच्या बाकीच्या खऱ्या कागदांवरही संशय येईल. ते 11 मूळ फोटो जसेच्या तसे वेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवा.