आवाज कमी येतोय म्हणजे सवय नाही, आधी वॅक्स गार्ड बघा

"आईला (७२) महिन्यापूर्वी कानाचं मशीन घेतलं. आधी छान ऐकू यायचं, आता म्हणते आवाजच येत नाही, काढून ठेवते. सेंटरवाले म्हणतात सवय होईल. काय करू?"

"सवय होईल" वाचलं आणि राहवलं नाही. हेच ऐकत आमचे पाच महिने गेले. बाबांचं कानामागचं मशीन, बारीक वायर आणि कानात जाणारा रिसीव्हर, तसलं. उजवीकडचं हळूहळू मंद झालं. सेंटरमध्ये तीन चकरा मारल्या, दोनदा नुसता आवाज वाढवून दिला, तिसऱ्यांदा म्हणाले रिसीव्हर गेला, नवीन घ्या. तोवर बाबांनी मशीन कपाटात टाकलं होतं. शेवटी दुसरीकडच्या ऑडिओलॉजिस्ट मॅडमनी रबरी टोपी काढून दाखवली, आतली पांढरी जाळी मळाने पिवळी होऊन पार बुजलेली. तो वॅक्स गार्ड. दोन मिनिटात बदलला आणि बाबा म्हणाले, "पंख्याचा आवाज येतोय."

सवय लागायला वेळ लागतो तेव्हा आवाज जास्त वाटतो, भांडी टोचतात, स्वतःचं बोलणं घुमतं. त्यासाठी पहिले काही दिवस शांत खोलीत तास-दोन तास लावायचं आणि रोज थोडं वाढवायचं. पण आधी नीट येत होता आणि आता कमी येतोय, तर ती सवयीची गोष्टच नाही.

घरी असं बघा. नवीन सेल घाला, मशीन चालू करून मुठीत धरा. बहुतेक मशीन शिट्टी मारतात. मारत नसेल तर गार्ड बदला. रबरी टोपी काढून, नव्या गार्डसोबत येणाऱ्या काडीच्या रिकाम्या टोकाने जुना ओढून काढायचा, दुसऱ्या टोकावरचा नवा दाबून बसवायचा. पिन घालून टोचू नका प्लीज, आम्ही तेही केलंय. गार्ड बदलूनही आवाज नाही तर मग रिसीव्हरचं बघा. आणि मशीनमधून शिट्टी येते तरी आईंना ऐकू येत नाही, तर मळ कानातच असू शकतो, तो ईएनटीकडूनच काढून घ्या. इअरबडने आणखी आत जातो. (मी डॉक्टर नाही, अनुभव सांगतेय.)

मशीन साफ करायचा ब्रश सकाळी मारा, रात्रभरात मळ वाळलेला असतो. टोक खाली धरून मारा म्हणजे मळ आत न जाता खाली पडतो.

सेलवाल्या मशीनचं अजून एक. स्टिकर काढला की आत हवा जाऊन सेल सुरू होतो, परत चिकटवून थांबत नाही, म्हणून आधीपासून काढून ठेवू नका. काढल्यावर मिनिटभर थांबून मग घाला. आमचा ३१२ नंबरचा, तपकिरी स्टिकरवाला, साधारण आठवडाभर जातो. रात्री सेलचं दार उघडं ठेवून मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवा, पावसाळ्यात तर नक्कीच. घरात लहान मूल असेल तर जुने सेल हाताशी ठेवू नका, गिळला तर वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा.

आज आधी ती टोपी काढून जाळीचा फोटो टाका, बघून सांगते.