पंचवीस वर्षांची हमी आणि वीस मायक्रॉन जस्त

*घर समुद्रापासून दीडशे मीटरवर आहे, मध्ये दुसरी इमारत नाही. गच्चीवर सोलर बसवायचं ठरवलं आहे. एकूण खर्च शंभर धरला तर वर्षाला वीसची वीज वाचते, म्हणजे पाच वर्षांत पैसे वसूल. पुढची वीस वर्षं वीज फुकट, आणि ती बचत मी निवृत्तीच्या हिशेबात धरली आहे. कोटेशनमध्ये प्री-गॅल्व्हनाइज्ड जीआय स्ट्रक्चर (१२ टक्के), एसएस बोल्ट, स्टँडर्ड कनेक्टर आणि पंचवीस वर्षांची हमी आहे. पॅनेलला खाऱ्या हवेच्या चाचणीचं प्रमाणपत्रही आहे. दहा वर्षांचा देखभाल करार आत्ता घेतला तर वीसमध्ये मिळतोय. प्रश्न एवढाच: सात टक्क्यांची मुदत ठेव मोडू, की दहा टक्क्यांनी पाच वर्षांचं कर्ज घेऊ?*

ठेव की कर्ज, याचं उत्तर लहान आहे. शंभरच्या कर्जाचा हप्ता वर्षाला साडेपंचवीसच्या आसपास जाईल आणि वीज वाचणार वीसची. ठेवीवर मिळणारं व्याज वजा केलं तरी पाच वर्षांत कर्ज सात-आठने महाग पडतं. ही ठेव मोडल्यावरही सहा महिन्यांचा घरखर्च हाताशी उरत असेल तर ठेव मोडा. उरत नसेल तर कर्ज घ्या आणि ठेवीला हात लावू नका. या निर्णयात इकडचं तिकडे झालं तरी फरक आठचा आहे. तुमच्या कोटेशनमधल्या एका ओळीत त्याच्या कितीतरी पट नुकसान दडलेलं आहे आणि तिच्याबद्दल तुम्ही काहीच विचारलेलं नाही.

ती ओळ आहे ‘प्री-गॅल्व्हनाइज्ड जीआय स्ट्रक्चर’. जीआय म्हणजे जस्ताचा थर दिलेलं लोखंड, इथपर्यंत ठीक. पण थर किती जाडीचा, हे त्या दोन अक्षरांतून कळत नाही. प्री-गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर कारखान्यातच जस्त चढवलेलं असतं, साधारणपणे दोन्ही बाजू मिळून दर चौरस मीटरला २७५ ग्रॅम. म्हणजे एका बाजूला जेमतेम २० मायक्रॉन; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. नंतर हा पत्रा कापून, वाकवून, भोकं पाडून त्याचे चॅनेल बनतात आणि प्रत्येक कापलेल्या कडेवर लोखंड उघडं राहतं. ‘हॉट-डिप’ प्रकारात आधी चॅनेल तयार होतो, भोकंही पाडली जातात आणि मग तो अख्खा वितळलेल्या जस्तात बुडवतात. तीन ते सहा मिलिमीटर जाडीच्या लोखंडावर मग सरासरी ७० मायक्रॉनचा थर बसतो, कडा आणि भोकांच्या आतही. कोटेशनमध्ये दोन्हींना सर्रास जीआयच म्हणतात.

आता हे जस्त किती टिकेल? हवा किती गंज चढवणारी आहे याची प्रतवारी आयएसओ ९२२३ या मानकात आहे. उघड्या समुद्रासमोरची दीडशे मीटरवरची गच्ची सी५ या अतिशय गंजकारक वर्गात धरायला हवी. त्या वर्गात जस्त वर्षाला ४ ते ८ मायक्रॉन झिजतं. २० ला ४ ने भागा, ८ ने भागा: अडीच ते पाच वर्षं. तुमचे पैसे वसूल व्हायचे त्याच सुमाराला, किंवा त्याआधीच, स्ट्रक्चरचं संरक्षण संपलेलं असेल. त्यानंतर उघडं लोखंड सुरुवातीला वर्षाला ८० ते २०० मायक्रॉनच्या वेगाने जातं, आणि तेही दोन्ही बाजूंनी. दोन मिलिमीटर जाडीच्या चॅनेलचा पाव ते अर्धा भाग तीन वर्षांत संपू शकतो. त्याच चॅनेलवर वादळात वाऱ्याला शिडासारखी भिडणारी पॅनेलं उभी असतात.

पावसाने मीठ धुऊन जाईल अशी आशा अनेकांना असते. वरची काच धुतली जाते हे खरं. पण रेल, क्लॅम्प, बोल्ट आणि कनेक्टर असतात पॅनेलच्या खाली, जिथे पाऊस पोचत नाही आणि खारा वारा मात्र बरोबर पोचतो. तिथलं मीठ साठतच राहतं. शिवाय मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाझरू लागतं आणि समुद्री मिठातले मॅग्नेशियमचे क्षार तर ३५ टक्क्यांच्या आतही ओले राहतात. म्हणजे तुम्हाला कोरडी दिसणारी पॅनेलखालची जागा वर्षातला बराच काळ खारट पाण्याच्या पातळ थराखाली असते. गंजाची सुरुवात तिथूनच होते.

आता हमी. पंचवीस वर्षांची ती हमी पॅनेल किती वीज देईल याची असते. पॅनेलच्या बांधणीची हमी वेगळी आणि मुदतीने कमी, स्ट्रक्चरची त्याहून वेगळी; कोटेशनमध्ये या तिन्ही मुदती स्वतंत्र लिहून मागा. खाऱ्या हवेचं प्रमाणपत्र, म्हणजे आयईसी ६१७०१ ची चाचणी, फक्त पॅनेलपुरतं असतं. ज्यावर पॅनेल उभं राहतं त्या रेलला, बोल्टला ते लागू नाही. ते प्रमाणपत्र पुढे करून संपूर्ण संच समुद्रकिनाऱ्यासाठी योग्य असल्याचा समज करून देणं ही दिशाभूल आहे. हमीच्या बारीक अक्षरांत ‘गंज’ आणि ‘किनाऱ्यापासूनचं अंतर’ हे शब्द शोधा. बऱ्याच इन्व्हर्टरच्या माहितीपत्रकात पाचशे मीटरच्या आतल्या जागेसाठी वेगळी अट असते, आणि तुम्ही दीडशेवर आहात.

मग काय मागायचं? अशा जागेसाठी माझी पसंती ॲनोडाइज केलेल्या, म्हणजे विजेच्या प्रक्रियेने पृष्ठभागावर संरक्षक ऑक्साइडचा थर चढवलेल्या, ॲल्युमिनियमच्या रेलना आहे. पॅनेलची चौकट ॲल्युमिनियमचीच असते, त्यामुळे दोन वेगळे धातू एकमेकांना भिडत नाहीत. ॲनोडाइजचा थर किती हे लिहून घ्या. समुद्राजवळ २० मायक्रॉन किंवा अधिक मागा. एक पथ्य मात्र पाळावं लागतं: ॲल्युमिनियम थेट सिमेंटवर टेकवू नये. ओल्या सिमेंटमधला अल्क ते खातो, म्हणून खाली रबराची पट्टी हवी. लोखंडच वापरायचं असेल तर हॉट-डिप हवं, पण ७० मायक्रॉनचं गणितही ८ ते १७ वर्षांवर संपतं. त्यामुळे त्यावर रंगाचा संपूर्ण थर आणि दर काही वर्षांनी त्याची डागडुजी धरावी लागेल. जागेवर नवं भोक पाडलं तर तिथे जस्ताचा रंग लावल्याशिवाय बोल्ट घालू देऊ नका.

‘एसएस बोल्ट’ हेही अर्धवट वर्णन आहे. स्टेनलेसमध्ये ३०४ आणि ३१६ असे दोन नेहमीचे प्रकार. ३१६ मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि मिठाने पडणाऱ्या खड्ड्यांना ते रोखतं. बोल्टच्या डोक्यावर ३०४ साठी ए२-७० आणि ३१६ साठी ए४-७० किंवा ए४-८० असं कोरलेलं असतं. तुम्हाला ए४ हवा. चुंबक लावून फरक कळत नाही, दोन्ही चुंबकाला जवळपास सारखेच दाद देत नाहीत. ए४ वरही वर्षभरात चहाच्या डागांसारखे तपकिरी डाग पडतील; ते वरवरचे असतात आणि गोड्या पाण्याने व मऊ ब्रशने बहुतेक निघतात. डोक्यावर काहीच कोरलेलं नसेल आणि बोल्ट नुसता चकचकीत असेल, तर तो जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी बोल्ट असू शकतो. तो मुलामा पाच-दहा मायक्रॉनचा, म्हणजे वर्षा-दोन वर्षांचा पाहुणा. स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या आट्यांवर कोरडा आवळला तर तो तिथेच जाम होऊ शकतो आणि पुढे कापूनच काढावा लागतो. म्हणून आट्यांना अँटी-सीझ पेस्ट लावायला सांगा.

अर्थिंगची तांब्याची तार ॲल्युमिनियमच्या चौकटीला थेट बांधू देऊ नका. मिठाच्या ओलीत तांबं आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की ॲल्युमिनियम पोखरलं जातं, सांधा सैल होतो आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. कथिलाचा मुलामा दिलेला लग, म्हणजे तारेच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा, आणि स्टेनलेसचा वॉशर मध्ये हवा.

कनेक्टरची किंमत एकूण खर्चात नगण्य असते, पण धोका सगळ्यांत मोठा तिथेच. चांगल्या जोडाचा रोध अर्ध्या मिलिओहमच्या आसपास असतो. दहा अँपिअर वाहताना त्यात ०.०५ वॅट उष्णता होते. आत मीठ शिरून रोध शंभर मिलिओहम झाला तर बोटाएवढ्या प्लास्टिकच्या कवचात दहा वॅट. कवच वितळतं, पुढे आगही लागू शकते. मीठ आत शिरण्याची दोन ठळक कारणं आहेत. एक, नर आणि मादी कनेक्टर वेगवेगळ्या कंपन्यांचे असणं. ते एकमेकांत बसतात, ‘स्टँडर्ड’ म्हणून विकलेही जातात, पण सील आणि संपर्क एकमेकांसाठी बनवलेले नसतात. दुसरं, काम चालू असताना कनेक्टर दिवसेंदिवस उघडे लोंबत राहणं. पाण्यापासूनचं संरक्षण जोड पूर्ण बसल्यावरच लागू होतं, तोवर टोपण हवं. तारा रेलला बांधून वर ठेवा, जोड गच्चीवर पडलेला नको. दर वर्षी भर दुपारी, पूर्ण वीज वाहत असताना, थर्मल कॅमेऱ्याने सगळे जोड पाहून घ्या. शेजाऱ्यांपेक्षा गरम दिसणारा जोड बदलायचा.

आता तुमचा हिशेब पुन्हा मांडू. आहे त्या कोटेशनने शंभर आणि देखभाल करार वीस, म्हणजे वसुली पाचऐवजी सहा वर्षांत. सातव्या वर्षाच्या आसपास स्ट्रक्चर बदलायचं झालं तर नवीन स्ट्रक्चरचे बारा आणि पॅनेल उतरवणं, चढवणं, जोडणं, फुटतूट मिळून तेवढेच, म्हणजे पंचवीस धरा. तोच माल पुन्हा लावला तर पंचवीस वर्षांत तीनदा, एकूण पंचाहत्तर. याउलट स्ट्रक्चर बाराऐवजी वीसचं घेतलं आणि बोल्ट-कनेक्टरला आणखी दोन दिले तरी खर्च एकशेदहा, वसुली साडेपाच वर्षांत. दहा जास्त देऊन पंचाहत्तर वाचतात. कुठल्याही ठेवीत हे मिळणार नाही.

देखभाल करार आत्ता घेऊ नका. अशा करारांत बहुधा धुणं आणि नजर टाकणं असतं, गंजलेला भाग बदलणं नसतं. दहा वर्षांचे पैसे आगाऊ देऊन तुम्ही संच बसवणाऱ्या माणसावरचा तुमचा धाक घालवता. खालच्या बाजूने नळाच्या साध्या धारेने महिन्यातून एकदा धुणं घरचं कुणीही करू शकतं, फक्त उन्हं तापायच्या आत. जोरदार दाबाचा पंप मात्र नको, तो जोडांत पाणी घुसवतो.

निवृत्तीच्या तक्त्यात ‘वर्षाला वीस, वीस वर्षं’ लिहिलं असेल तर ते खोडा. पॅनेल दर वर्षी थोडं मंदावतं, इन्व्हर्टर एकदा तरी बदलावा लागतो आणि समुद्र आपलं काम करतच असतो. वसुलीनंतर वर्षाला पंधरा धरा, आणि वाचलेल्या वीसमधले दोन-तीन पहिल्या वर्षापासून वेगळ्या खात्यात दुरुस्तीसाठी टाका.

कोटेशन नव्याने मागवताना जस्ताचे किंवा ॲनोडाइजचे मायक्रॉन, बोल्टचा ए४ हा शिक्का आणि दोन्ही बाजूंच्या कनेक्टरचं एकच नाव लिहून घ्या. दहा टक्के रक्कम काम संपेपर्यंत रोखून ठेवा. शेवटच्या दिवशी टॉर्च घेऊन पॅनेलखाली जा, दहा-बारा बोल्टच्या डोक्यावरची अक्षरं वाचा, चार जोडांच्या दोन्ही बाजूंची नावं जुळवा, आणि मगच ती रक्कम द्या.