बोर्डाचं नंतर बघू, दहावी-बारावी कुठल्या राज्यात होणार ते आधी सांगा

प्रश्न: आम्ही दोघंही नागपूरचे, नोकऱ्या इथेच आहेत. मुलगी पुढच्या वर्षी पहिलीत जाईल. स्टेट बोर्ड, सीबीएसई की आयबी/केंब्रिज? उद्या डॉक्टर व्हायचं म्हणाली तर कोणतं बोर्ड बरं पडेल?

उत्तर:

मी ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, इथेच नागपुरात. दरवर्षी जूनपासून तिन्ही बोर्डांची पोरं माझ्यासमोर एकाच वर्गात येऊन बसतात, म्हणजे नावापुरती बसतात, त्यातली अर्धी नंतर क्लासवाल्यांकडे दिवसभर असतात आणि आमच्याकडे फक्त प्रॅक्टिकलला तोंड दाखवतात, पण तो विषय काढला तर मी थांबणार नाही म्हणून सोडून देते.

तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य वाचलं आणि आमच्या घरचं सगळं डोळ्यांसमोर आलं.

माझे मोठे दीर, भाऊजी म्हणूया. त्यांचा मुलगा आणि माझी मुलगी एकाच वयाचे. मी मुलीला महालातल्या एका साध्या शाळेत सेमीला टाकलं, म्हणजे बाकी सगळं मराठीत आणि गणित-विज्ञान इंग्रजीतून. पुतण्या वर्धा रोडच्या सीबीएसई शाळेत. ठीक आहे ना, ज्याची त्याची निवड. पण दर दिवाळीला पानावर बसलं की भाऊजींचं सुरू, "स्टेट बोर्डाची पोरं पुढे टिकत नाहीत गं, तू स्वतः शिकवतेस आणि स्वतःच्या पोरीला काहून मागे ठेवून राहिली?" सासूबाई खाली बघून वाढत राहायच्या. मी दोनदा-तीनदा समजावलं, मग सोडून दिलं.

दहावीला पुतण्याला छान मार्क पडले, आणि भाऊजींनी त्याला थेट हैदराबादला पाठवलं. तिथे होस्टेल, क्लास, आणि नाव एका सीबीएसई शाळेत, सगळं एकाच पॅकेजात. मी तेव्हाच म्हटलं होतं की भाऊजी, क्लासला पाठवायचंय तर पाठवा पण नाव नागपुरातल्या कॉलेजात राहू द्या. त्यावर उत्तर काय, "बोर्ड तर सीबीएसईच आहे ना, देशभर एकच, काय फरक पडतो?"

तर फरक काय पडतो ते नीट समजून घ्या, कारण अर्ध्या नागपूरला हे माहीत नाही. सरकारी मेडिकल कॉलेजातल्या एमबीबीएसच्या १०० जागांपैकी १५ ऑल इंडिया कोट्यातून भरल्या जातात आणि ८५ राज्याच्या कोट्यातून. महाराष्ट्राच्या त्या ८५ मध्ये यायचं तर नुसतं डोमिसाईल पुरत नाही, दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजातून झालेली लागते. बोर्ड कोणतं हे तिथे कुणी विचारत नाही. सीबीएसई चालतं, आयसीएसई चालतं, स्टेट तर चालतंच. विचारतात ते इतकंच की शाळा कुठे आहे. पुतण्याचा जन्म नागपूरचा, आजोबा-पणजोबा नागपूरचे, दहावी नागपूरची, आणि बारावीच्या मार्कशीटवर शाळा हैदराबादची. झालं, राज्याच्या यादीतून बाहेर. तेलंगणाच्या यादीतही नाही, कारण तिथे लोकल धरायला बारावीपर्यंतची सलग चार वर्षं तिथे काढलेली लागतात, याची दोनच. म्हणजे पोरगा दोन्ही राज्यांत परका, हातात फक्त ती ऑल इंडियाची १५ टक्क्यांची यादी.

नीटला मार्क वाईट नव्हते हो त्याचे. ऑल इंडियात सरकारी कॉलेज थोडक्यात हुकलं. माझ्याच वर्गातली एक मुलगी, ओपनचीच, त्याच्यापेक्षा कमी मार्कांवर राज्याच्या यादीतून मेयोला लागली. भाऊजी म्हणाले वर्ष ड्रॉप करू. म्हटलं करा, पण ड्रॉपने नीटचे मार्क वाढतील, बारावीची शाळा हैदराबादहून उठून नागपूरला थोडीच येणार आहे? पास झालेली बारावी पास झालेलीच राहते. शेवटी डीम्ड युनिव्हर्सिटीच्या कॉलेजात घेतलं, तिथे राज्याचा प्रश्न नसतो, पण फी वर्षाला वीस लाखांच्या वर. त्यांचा प्रतापनगरचा प्लॉट गेला त्यात. बोर्डावरून मला ऐकवणाऱ्या माणसाचं घोडं बोर्डावर अडलंच नाही, अडलं ते पत्त्यावर.

याची उलटी बाजू मी कॉलेजात बघते. छिंदवाडा, बालाघाटकडची पोरं दहावी तिकडे करून अकरावीला नागपूरला येतात, आईबापांना वाटतं दोन वर्षं इथे शिकलं की महाराष्ट्राचा कोटा मिळेल. नाही मिळत, दहावी मध्य प्रदेशातली आहे. ॲडमिशनच्या खिडकीवर हे त्यांना कुणी सांगत नाही, कारण सांगितलं तर ॲडमिशन जाते.

इंजिनियरिंगला राज्याच्या कॉलेजांसाठी नियम इतका कडक नाही, तिथे महाराष्ट्राचं डोमिसाईल असलं तरी भागतं. पण व्हीएनआयटीचं वेगळं. एनआयटीत निम्म्या जागा होम स्टेटच्या असतात आणि होम स्टेट ठरतं बारावी कुठल्या राज्यात केली त्यावरून. म्हणजे बजाजनगरात राहणारं, व्हीएनआयटीच्या भिंतीला लागून सायकल चालवत मोठं झालेलं पोरगं बारावी राजस्थानातल्या कोटा शहरातून किंवा हैदराबादहून करून आलं की स्वतःच्याच गल्लीतल्या कॉलेजात बाहेरगावचं. गंमत आहे की नाही?

आता स्टेट की सीबीएसई. मी स्पष्ट सांगते, आठवीपर्यंत काही फरक पडत नाही, शाळा घरापासून किती लांब आणि शिकवणारे टिकतात की दरवर्षी बदलतात एवढं बघा. आणि पहिलीचंच म्हणाल तर राज्याने २०२५-२६ पासून पहिलीपासून टप्प्याटप्प्याने एनसीईआरटीच्या धर्तीवर नवा अभ्यासक्रम आणायला घेतलाय, त्यामुळे तुमच्या मुलीच्या वेळी फरक अजूनच कमी होणार. मराठी सुटेल अशी भीती असेल तर २०२० च्या कायद्याने सगळ्याच बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीचं आहे, कशी शिकवतात तो भाग वेगळा.

"सीबीएसईचं सायन्स जड असतं" हे तर मला रोज ऐकावं लागतं. दहावीचं पुस्तक उघडा. स्टेटच्या विज्ञान भाग १ मध्ये मूलद्रव्यांचं आवर्ती वर्गीकरण आहे, भाग २ मध्ये आनुवंशिकता आणि उत्क्रांती आहे. एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून आवर्तसारणीचा धडा काढला, उत्क्रांतीही काढली. त्यामुळे अकरावीत मी पिरियॉडिक टेबल सुरू करते तेव्हा सेमीची पोरं गट आणि आवर्त पटापट सांगतात आणि सीबीएसईवाले एकमेकांकडे बघतात. हां, मोल कन्सेप्टला मात्र सगळेच सारखे रडतात. सीबीएसईच्या पोरांना फायदा एका ठिकाणी नक्की आहे, नीट आणि जेईईचे प्रश्न एनसीईआरटीच्या भाषेत येतात आणि ती भाषा त्यांच्या अंगवळणी पडलेली असते, नीटच्या बायोलॉजीत तर एकेक ओळ तिथली. स्टेटची पोरं अकरावीपासून एनसीईआरटी शेजारी घेऊन बसली की वर्षभरात तिथे पोचतात. उलट एमएचटी-सीईटीला स्टेटची पुस्तकं चालतात, साधारण २० टक्के अकरावी आणि ८० टक्के बारावी, निगेटिव्ह मार्किंग नाही. माझी मुलगी त्याच सीईटीवर सरकारी इंजिनियरिंग कॉलेजात आहे, सेमीतून येऊन. भाऊजींना पेढे मी स्वतः नेऊन दिले.

आयबीचं विचारलंत. पैसे आहेत आणि मुलगी पदवीला बाहेर देशी जाणार हे नक्की असेल तर खुशाल घाला, लिहायला, मांडायला, प्रॅक्टिकल करायला ती पोरं चांगली शिकतात, केंब्रिजमधून आलेल्या मुलाला टायट्रेशन मला शिकवावं लागत नाही. पण "डॉक्टर व्हायचं म्हणाली तर" असं तुम्ही लिहिलंय. आयबी डिप्लोमात सहा विषय, सहा गटांतून. दोन भाषा, एक समाजशास्त्राच्या बाजूचा, एक सायन्स, एक गणित, आणि सहाव्या गटात कला किंवा त्याऐवजी आणखी एक विषय, तिथे दुसरं सायन्स घेता येतं. मोजून बघा, सायन्स दोनच झाले. नीटला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी तिन्ही लागतात. तिसरं घ्यायचं तर समाजशास्त्राचा विषय सोडून त्याची आयबीकडून वेगळी मंजुरी शाळेला घ्यावी लागते. तर प्रवेश घेताना शाळेला एवढंच विचारा की तुमच्याकडे तिन्ही सायन्स घेऊन किती पोरं बसली आणि त्यातली किती नीटला गेली. गोड बोलून विषय बदलला की समजून जा.

केंब्रिजची दहावी करून अकरावीला आपल्याकडे यायचं असेल तर शाळा मार्चच्या परीक्षेला बसवते की मे-जूनच्या, ते आधी विचारा. मार्चवाल्यांचा निकाल मेमध्ये येतो. मे-जूनवाल्यांचा ऑगस्टमध्ये, तोवर आमच्या अकरावीच्या चांगल्या जागा भरलेल्या असतात. अशी एक मुलगी माझ्याकडे ऑगस्टअखेर आली, हुशार होती, पण मोल कन्सेप्ट होऊन गेलेला आणि तिला कुणी परत शिकवणारं नाही. मी मधल्या सुट्टीत शिकवला.

एक राहिलं. बदलीची नोकरी असलेल्यांना, केंद्र सरकारचे, सैन्यातले वगैरे, दहावी-बारावीच्या या अटीतून काही सवलती आहेत, आणि नियम वर्षागणिक थोडे हलतात, म्हणून त्या त्या वर्षीचं सीईटी सेलचं माहितीपत्रक स्वतः वाचायचं, क्लासच्या काउन्सेलरच्या तोंडून ऐकायचं नाही. तुमच्या दोघांच्या नोकऱ्या इथेच आहेत म्हणून हे तुम्हाला लागू होणार नाही, पण वाचणाऱ्यांत कुणी असेल.

भाऊजींची धाकटी या वर्षी अकरावीत गेली. हैदराबादवाल्यांचा माणूस घरी येऊन गेला होता, फीत सूट देतो म्हणाला. जाऊबाईंनी त्याला चहा दिला आणि पोरीचं नाव धरमपेठेतल्या कॉलेजात घातलं. माझ्या कॉलेजात नाही घातलं, एवढा मान भाऊजी मला अजून देत नाहीत.