पल्स १०० वर आली म्हणून बार उचलायचा नाही

«सेट झाल्यावर पल्स १०० च्या खाली येईपर्यंत थांबतो आणि मग पुढचा सेट मारतो. कधी दीड मिनिट लागतं, कधी पाच-सहा. तरी स्क्वॉटच्या तिसऱ्या सेटला रेप्स निम्म्यावर येतात. नेमकं किती थांबायचं? (भुसावळ)»

भाऊ, तुमचं वाचलं आणि माझे जळगावातले पाच महिने आठवले. मलाही जिममध्ये हाच १०० चा आकडा सांगितला होता. कोणासाठी, कोणत्या व्यायामाला, हे सांगणाऱ्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. माझं सगळ्यात जास्त नुकसान त्या एका आकड्याने केलं.

जानेवारीतल्या सकाळची गोष्ट. स्क्वॉट, ७० किलो, ८ रेप्स. सेट संपला तेव्हा पल्स १४६, मिनिटाने ११२, दीड मिनिटाला ९९. लगेच बारखाली गेलो. दुसऱ्या सेटला ६ झाल्या, तिसऱ्याला ४. श्वास अगदी शांत होता, पण खाली बसल्यावर मांड्या वर ढकलतच नव्हत्या. मला वाटलं खाणं कमी पडतंय. दूध वाढवलं, अंडी वाढवली. बारवरचं वजन मात्र ७० च्या पुढे सरकेना.

कारण नंतर कळलं. जड सेटमध्ये पाय जी ताकद लावतात, त्यातला मोठा भाग स्नायूत साठलेल्या फॉस्फोक्रिएटिन नावाच्या इंधनावर चालतो. ते संपलं की अर्धंअधिक मिनिटाभरात भरतं, पण जवळपास पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटं लागतात. हृदयाचं वेळापत्रक वेगळं. दम चांगला असलेल्या माणसाची पल्स थंडीत झपाट्याने उतरते. म्हणजे हृदय मोकळं झालेलं असतं आणि मांडी अजून रिकामी असते. मी हृदयाला विचारून मांडीला कामाला लावत होतो.

मे महिन्यात उलटं झालं. तुम्हाला भुसावळचं ऊन मी काय सांगू! पत्र्याखालच्या जिममध्ये संध्याकाळी सहाला तोच सेट मारला. पल्स १५८, एका मिनिटाला १३२, तीनला ११४, पाचला १०८, आणि तिथेच अडकली. अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडे वळतं, घामाने पाणीही कमी होतं, म्हणून हृदयाला पळत राहावं लागतं. पाय तोवर तयार होऊन बसले होते आणि मी १०० ची वाट बघत आठ-आठ मिनिटं घालवत होतो. तुमच्या दीड आणि पाच-सहा मिनिटांमागे बहुधा हेच आहे.

मी आता काय करतो ते सांगतो. मी डॉक्टर नाही, ट्रेनरही नाही. स्क्वॉट, डेडलिफ्टला घड्याळाची किमान तीन मिनिटं, पल्स काहीही असो. डंबेल कर्लसारख्या छोट्या व्यायामाला दीड मिनिट मला पुरतं. तीन मिनिटांच्या ठोक्याला पल्स मोजतो आणि वहीत पुढच्या सेटच्या रेप्सशेजारी लिहितो. दोन आठवड्यांत माझा आकडा दिसला: तीन मिनिटांनी १०५ च्या आसपास असेल तर ८, ८, ७ होतात. तुमचा आकडा वेगळा निघेल. तीन मिनिटांनी पल्स नेहमीपेक्षा १५ ने वर असेल तर आणखी एक-दीड मिनिट थांबतो. तरीही उतरली नाही तर एक सेट कमी करतो. त्या दिवशी झोप, पाणी किंवा ताप यांपैकी काहीतरी बिघडलेलं असतं. उन्हाळ्यात मीठ घातलेलं ताक जायच्या तासभर आधी पितो, त्याने मला फरक पडतो.

मोजायची पद्धतही सांभाळा. सेटनंतर बसत असाल तर रोज बसूनच मोजा, उभं राहिलं की ठोके वाढतात. अंगठ्याखालच्या नाडीवर दोन बोटं ठेवा, पहिला ठोका शून्य धरा, १५ सेकंद मोजून चारने गुणा.

मनगटावरच्या घड्याळाचा मला फार राग आहे. डेडलिफ्टच्या मधोमध ते ८० दाखवायचं. सर्व्हिस सेंटरला तीन चकरा मारल्या, दर वेळी तेच उत्तर: अपडेट करा. बार घट्ट धरला की मनगटाचे स्नायू आवळतात, घड्याळ सरकतं आणि प्रकाशाने मोजणाऱ्या सेन्सरला ठोका सापडत नाही, एवढं साधं कारण कोणी सांगितलं नाही. घड्याळच वापरायचं असेल तर मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, घट्ट बांधा, आणि सेट चालू असतानाचा आकडा धरूच नका. छातीचा पट्टा जास्त भरवशाचा.

बीपीच्या काही गोळ्या, विशेषतः बीटा ब्लॉकर, पल्स फारशी वर जाऊ देत नाहीत. तुम्ही अशी गोळी घेत असाल तर हा सगळा हिशोब सोडा आणि डॉक्टरांशी बोला. चक्कर आली किंवा छातीत दुखलं तर व्यायाम तिथेच थांबवा आणि लगेच तपासून घ्या.