अर्थ आधी, पाठांतर मागाहून

कोल्हापूर

चि. पोरी,

तुझं पत्र वाचून जीव कळवळला. मेलबर्नच्या शनिवारच्या वर्गातली मुलं ‘श्रावणमासी’ न अडखळता म्हणतात, पालक खूश आहेत, पण ‘शिरवे म्हणजे काय’ विचारलं की सगळी गप्प. आणि तू विचारतेस, इंग्रजीत अर्थ सांगून टाकू का? नको. अर्थ सांगायचा नाही, करायला लावायचा. इंग्रजी वाक्य हातात पडलं की मूल तेच लक्षात ठेवतं आणि मराठी ओळ नुसती चाल म्हणून उरते.

कोणाला किती कळलंय हे आधी तपास. ‘सरसर काय येतं?’ एवढंच विचार. जे मूल पहिल्या शब्दापासून गुणगुणत तिथवर पोचतं, त्याने चाल पाठ केली आहे. ज्याला अर्थ कळलाय ते ओळ मधूनच उचलतं.

बालकवींची अख्खी कविता घेऊ नकोस. चार ओळी, दोन शनिवार, बास. श्रावण येतो ऑगस्टच्या आसपास, तुमच्याकडे तेव्हा हिवाळ्याची अखेर, त्यामुळे महिन्यापासून सुरुवात केलीस तर मुलं बुचकळ्यात पडतील. हवेपासून सुरुवात कर. इथे श्रावणात रंकाळ्याला एक फेरी मारेपर्यंत माणूस दोनदा भिजतो, दोनदा वाळतो. तुझ्या गावची हवाही लहरी म्हणून प्रसिद्ध आहे. म्हणजे ‘क्षणात येते सरसर शिरवे क्षणात फिरुनी ऊन पडे’ हे त्या मुलांनी अंगावर झेललेलं आहे, तिथूनच धर.

वर्गाचे दोन गट कर. एक सरींचा, तो बोटं बाकावर वाजवेल. दुसरा उन्हाचा, तो हात पसरून तोंड वर करेल. तू ओळ म्हण. दोन-तीनदा झाल्यावर ‘ऊन पडे’ आधी म्हण. जी मुलं शेजाऱ्याकडे बघून हात हलवतात ती लगेच दिसतील. त्यांना पुढे घे, रागावू नकोस.

मग चुकीचा शब्द पकडायचा खेळ. यात बहुतेक शिक्षक फसतात, म्हणून नीट वाच. खोटा शब्द मात्रांत बसलाच पाहिजे. ‘श्रावणमासी हर्ष मानसी हिरवळ दाटे चोहिकडे’ या ओळीत आठ, आठ, आठ आणि सहा मात्रा आहेत. ‘हिरवळ दाटे’च्या आठ होतात, ‘वाळू दाटे’च्याही आठच. तू ‘वाळवंट दाटे’ म्हणालीस तर दहा होतात, ठेका अडखळतो आणि मूल नुसत्या कानाने चूक पकडतं. ‘वाळू’ पकडायला डोक्यात हिरवळ असावी लागते. तसंच ‘सरसर शिरवे’च्या जागी ‘सरसर गाडी’. चूक सापडली की बरोबर शब्द मुलानेच म्हणायचा, तू नाही. तोंडावर ताबा ठेव!

दुसऱ्या शनिवारी ‘वरती बघता इंद्रधनूचा गोफ दुहेरी विणलासे’. इथे चित्र दाखवून भागत नाही. दोन रंगांच्या, साधारण दोन मीटरच्या चार रिबिनी घे आणि वर एका जागी पक्क्या बांध. एका रंगाची दोन मुलं उजवीकडे फिरतील, दुसऱ्या रंगाची डावीकडे. समोरच्याला एकदा बाहेरून ओलांडायचं, एकदा आतून. घाई केली की दोघंही बाहेरूनच जातात आणि गुंता होतो, म्हणून आधी टाळीवर एकेक पाऊल. वीण दिसायला लागली की थांबव, वर बघायला लाव आणि तेव्हाच ओळ म्हण. पुढे ‘मंगल तोरण काय बांधले नभोमंडपी कुणी भासे’ आलं की विचार, कुणी बांधलं? कवीने नाव सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. मुलांना मोडक्या मराठीत भांडू दे.

पालक म्हणतील, वेळ वाया जातोय. म्हणू देत. वर्ग कशासाठी आहे ते त्यांना एकदा स्पष्ट सांग. मला हट्टी म्हणणारे खूप आहेत, पण अर्थाआधी पाठ केलेली कविता पुढे उलगडत नाही, कारण म्हणता येतंय म्हणजे कळलंय असं मुलालाच वाटायला लागतं. या एका मुद्द्यावर मी कुणाचं ऐकत नाही, तूही ऐकू नकोस.

आणि ते रोमन लिपीतले कागद आधी काढून घे. त्या अक्षरांत ‘दाटे’ लिहिलं की मूल ‘डेट’ वाचतं. देवनागरी येत नसेल तर ऐकून शिकू दे. टाळी दर चार मात्रांना दे. शेवटच्या ‘चोहिकडे’ला दोन मात्रा कमी पडतात, तिथे मुलं पुढची ओळ घाईने चिकटवतात. तेवढी जागा मोकळी सोडायला शिकव, श्वास तिथेच घ्यायचा आहे.

पुढच्या शनिवारी ‘वाळू’ किती जणांनी पकडली ते कळव.

तुझे,
काका