वकील तारखांना येत नाहीत: बार कौन्सिलकडे तक्रार

«वाटपाच्या दाव्यासाठी वकिलांना 40,000 रुपये दिले. गेल्या पाच तारखांना ते कोर्टात आले नाहीत, फोनही उचलत नाहीत. बार कौन्सिलकडे तक्रार कशी करू? पैसे परत मिळतील का?»

तक्रारीआधी दावा वाचवा. वादीच्या गैरहजेरीमुळे तो काढून टाकला गेला असेल, तर तो पुन्हा फाइलवर घेण्याचा अर्ज त्या आदेशापासून 30 दिवसांत करावा लागतो, आणि बार कौन्सिलकडील तक्रारीमुळे ही मुदत थांबत नाही. जुने वकील ना हरकत देत नसतील, तर न्यायालयाला तसे लेखी सांगून नवे वकीलपत्र दाखल करण्याची परवानगी मागा. फी बाकी आहे म्हणून कागद अडवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली स्पष्ट केले आहे.

तक्रारीचा खरा आधार म्हणजे रोजनामा, न्यायालय प्रत्येक तारखेला काय झाले याची करते ती नोंद. माझ्या मामांनी अशीच तक्रार केली तेव्हा पहिल्या मसुद्यात चार पाने संताप होता आणि एकही तारीख नव्हती. मग आम्ही नकलांसाठी अर्ज करून रोजनाम्याच्या प्रमाणित प्रती घेतल्या. सहापैकी चार तारखांना ‘वादीचे वकील गैरहजर’ अशी नोंद होती. उरलेल्या दोन दिवशी न्यायाधीशच रजेवर होते. त्या दोन तारखा आम्ही वगळल्या, कारण खोटी ठरणारी एक तारीख उरलेल्या चारांवरचा विश्वासही घालवते. सोबत वकीलपत्राची प्रत, पैसे दिल्याची बँकेची नोंद आणि वकिलांना पोचपावतीसह पाठवलेले पत्र जोडले. पैसे रोख दिले असतील, तर फीचा उल्लेख असलेले व्हॉट्सअ‍ॅप संदेश जपून ठेवा.

वकिलांची सनद महाराष्ट्राची असेल, तर तक्रार बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा यांच्याकडे, अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट, 1961 च्या कलम 35 खाली, सही व सत्यापनासह करावी लागते. प्रती आणि शुल्क किती, हे कार्यालयात आधी विचारून घ्या. प्रथमदर्शनी गैरवर्तन दिसले, तरच प्रकरण शिस्तपालन समितीकडे जाते. तिथे तुमची उलटतपासणीही होऊ शकते. एका वर्षात निकाल लागला नाही, तर कलम 36ब प्रमाणे प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे वर्ग होते. राज्याच्या समितीचा निकाल मान्य नसल्यास तिथेच 60 दिवसांत अपील करता येते.

समिती ताकीद देऊ शकते, सनद निलंबित करू शकते किंवा नाव पटावरून काढू शकते. फीच्या वसुलीचा हुकूम मात्र कलम 35 मधील शिक्षांमध्ये नाही. काम सोडणाऱ्या वकिलाने न केलेल्या कामाची फी परत करावी, असा बार कौन्सिलचा नियम आहे, म्हणून पत्रात ती मागणी अवश्य लिहा. वकिलांना नोटीस निघाल्यावर मामांना 25,000 रुपये परत मिळाले, पण ते त्या वकिलांनी स्वतःहून दिले. तसे न झाल्यास वसुलीसाठी दिवाणी दावाच करावा लागेल, कारण मे 2024 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर वकिलांविरुद्ध सेवेतील त्रुटीसाठी ग्राहक आयोगाचा मार्ग उरलेला नाही.