टाइल्सच्या बॉक्सचं वजन

प्रश्न: २ बाय २ फुटी व्हिट्रिफाइड टाइल्स, जाडी ९ मिमी, बॉक्समध्ये ४ नग. जिन्याने न्यायच्या आहेत, एक बॉक्स किती किलोचा?

उत्तर: जवळजवळ ३० किलो. व्हिट्रिफाइड टाइलची घनता घनमीटरला सुमारे २३०० किलो असते, म्हणजे १ चौरस मीटर टाइल दर मिलिमीटर जाडीला २.३ किलो भरते. ६०० बाय ६०० मिमीची एक टाइल ०.३६ चौरस मीटर, चार मिळून १.४४; १.४४ × ९ × २.३ = २९.८ किलो, वर खोक्याचा पुठ्ठा. जाडी मात्र टाइलच्या कडेला स्वतः मोजा, कारण ८ मिमी निघाली तर बॉक्समागे तीन किलोंहून जास्त फरक पडतो. भिंतीच्या सच्छिद्र सिरॅमिक टाइलला २.३ ऐवजी १.९ धरा, पण ती पावसात भिजली असेल तर पाणी शोषून जड होते.